टेक कधी थांबवायचा? रॉक अल्बमच्या सेशनमध्ये प्रोड्यूसर नेमकं काय करतो

गाणी बँडची. वाजवणारेही बँडवालेच. माइक लावणारा आणि रेकॉर्डचं बटण दाबणारा साउंड इंजिनिअर. मग कंट्रोल रूममध्ये मागच्या सोफ्यावर वही घेऊन बसलेली व्यक्ती करते तरी काय, असा प्रश्न पहिल्यांदा स्टुडिओत आलेल्या जवळजवळ प्रत्येकाला पडतो. त्या व्यक्तीला प्रोड्यूसर म्हणतात. मी पुण्यात ध्वनिमुद्रणाचं काम करतो, म्हणजे बटण दाबणारा मीच, आणि त्या वहीत काय लिहिलं जातं ते मला रोज बघायला मिळतं. एका गाण्याचा तालमीपासून मिक्सिंगपर्यंतचा, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र जुळवण्यापर्यंतचा, प्रवास सांगितला, तर हे काम बऱ्यापैकी कळेल असं मला वाटतं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. आपल्याला सिनेसंगीताची पद्धत माहीत असते. संगीतकार चाल लावतो, संयोजक वाद्यमेळ लिहितो, वादक समोरचा कागद बघून वाजवतात आणि ध्वनिमुद्रक ते टिपतो. रॉक बँडमध्ये यातलं काहीच असं वेगवेगळं नसतं. चाल, शब्द, वाद्यमेळ, सगळं चौघांनी मिळून तालमीच्या खोलीत महिनोन्महिने वाजवत बसवलेलं असतं. म्हणूनच त्या चौघांपैकी कोणालाही ते गाणं बाहेरून ऐकता येत नाही. ड्रमरला ड्रम ऐकू येतात, गिटारवाल्याला आपला अँप. गायकाला त्या गोंगाटात स्वतःचा आवाजसुद्धा धड ऐकू येत नाही. ते गाणं पहिल्यांदा अख्खं ऐकणारा आणि ऐकून निर्णय घ्यायचा अधिकार असलेला बाहेरचा कान म्हणजे प्रोड्यूसर.

ज्या गाण्याबद्दल सांगणार आहे ते चार जणांच्या एका मराठी बँडचं. नऊ गाण्यांचा अल्बम होता, आणि प्रोड्यूसर होत्या आमच्याकडच्या ताई. वयाने आणि अनुभवाने मोठ्या, त्यामुळे बँडमधली पोरं त्यांना ताईच म्हणतात आणि त्या सगळ्यांना अरेतुरे करतात.

स्टुडिओत पाऊल ठेवायच्या आधीच त्यांचं निम्मं काम झालेलं होतं. बँडच्या तालमीच्या खोलीत त्या दोन-तीनदा जाऊन बसल्या. पहिल्या दिवशी एक शब्द बोलल्या नाहीत, कोपऱ्यात फोन ठेवून सगळं टेप केलं आणि घरी नेलं. चांगला माइक नेला असता तर आवाज छान आला असता, पण त्यांना छान आवाज नकोच होता. फोनच्या रेकॉर्डिंगमध्ये गिटारची जाडी आणि ड्रमचा दणका गळून पडतो. उरते ती फक्त चाल, लय आणि शब्द. तेवढ्यावर गाणं उभं राहतंय का, हे त्यात लगेच कळतं.

या गाण्याबद्दल वहीत चार नोंदी होत्या.

पहिली नोंद सुरुवातीची. बँड हे गाणं साधारण 138 बीपीएमला, म्हणजे मिनिटाला 138 ठोक्यांच्या लयीत वाजवत होता, आणि गायक तोंड उघडायच्या आधी सोळा बार नुसती गिटार होती. चार ठोक्यांचा एक बार धरला तर ते जवळपास 28 सेकंद झाले. स्टेजवर ते चालतं, कारण दिवे लागतात, लोक ओरडतात, ड्रमर उठून उभा राहतो. हेडफोन लावून बसलेल्याला यातलं काही दिसत नाही. ताईंनी सोळाचे आठ बार केले. दुसऱ्या आठ बारमध्ये पहिल्या आठपेक्षा वेगळं काहीच घडत नव्हतं, हे त्यांचं साधं कारण.

दुसरी नोंद लयीची. 138 ला कडव्यातले शब्द एकमेकांवर चढत होते. आता लय किती कमी करायची? "थोडी हळू घ्या" म्हणून भागत नाही, वादकांच्या कानात वाजणाऱ्या ठोक्याला, म्हणजे क्लिकला, आकडा द्यावा लागतो. ताईंनी गायकाला एकट्याला बसवलं, सगळी वाद्यं बंद केली आणि सांगितलं, "मांडीवर ठेका धर आणि म्हण, घाई नको." तीन वेळा म्हणून घेतलं आणि प्रत्येक वेळी ठेका मोजला. तिन्ही वेळा तो 126 ते 129 च्या मध्ये येऊन बसला. कडवं 128 वर ठरलं. पण कोरसमध्ये बँड आपसूक पुढे सरकायचा, आणि त्या सरकण्यात मजा होती. म्हणून क्लिकच कोरसला 130 चा केला आणि कडव्याला परत 128 वर आणला. ऐकणाऱ्याला हा दोन ठोक्यांचा फरक ओळखू येत नाही, पण कोरस आला की छाती थोडी भरून येते. 128 च्या लयीत आठ बार म्हणजे बरोबर 15 सेकंद. आधीच्या 28 सेकंदांच्या जागी पंधराव्या सेकंदाला माणसाचा आवाज.

लय बदलल्याने गाण्याचं काय होऊ शकतं याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण उलट्या दिशेचं आहे. 1962 मध्ये बीटल्सनी 'प्लीज प्लीज मी' हे गाणं संथ लयीत आणलं होतं. त्यांचे प्रोड्यूसर जॉर्ज मार्टिन यांनी लय वाढवायला सांगितली, आणि नोव्हेंबरमध्ये ते आज आपल्याला माहीत असलेल्या जलद लयीत रेकॉर्ड झालं. चाल त्यांचीच होती, शब्द त्यांचेच होते. बाहेरच्या माणसाने फक्त ठेका बदलायला लावला.

तिसरी नोंद सुराची. गाणं पांढरी तीनमध्ये होतं, आणि कोरसच्या वरच्या सुरावर गायकाचा गळा आवळला जात होता. तालमीत एकदा म्हणताना तो सूर लागायचा. पण स्टुडिओत तोच कोरस वीस-पंचवीस वेळा म्हणायचा असतो. ताईंनी अर्धा सूर खाली आणून काळी दोन केली. गायकाला हायसं वाटलं, गिटारवाल्याचं मात्र काम वाढलं. गिटार अर्धा सूर उतरवली की तारा ढिल्या पडतात, जोरात छेडली की सुरुवातीला सूर किंचित वर जाऊन मग खाली येतो, आणि तीन-चार थर एकावर एक आले की सगळंच बेसूर भासतं. म्हणून दहाच्या सेटऐवजी अकराच्या जाड तारा चढवल्या, ताण परत आला. जाडी बदलली म्हणून गिटारचं इंटोनेशनही नव्याने लावून घ्यावं लागलं, नाहीतर खालच्या पट्ट्यांवर सूर बरोबर आणि बाराव्या पट्टीच्या आसपास चुकीचा. गायकाच्या गळ्यासाठी घेतलेला निर्णय गिटारच्या दुकानापर्यंत पोचतो तो असा. ही साखळी आधी डोळ्यांपुढे आणणं प्रोड्यूसरचं काम आहे, कारण रेकॉर्डिंगच्या दिवशी सकाळी हे सुचून उपयोग नाही.

चौथी नोंद मला सगळ्यात आवडलेली. कोरसची ओळ होती, "पाऊस थांबला तरी". चालीत 'पा' हा सम यायच्या आधी अर्धा ठोका येत होता आणि 'ऊ' नेमका समेवर. समेवर किक, म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम, आणि मोठी झांज एकदम पडतात. परिणामी 'पा' त्या दणक्याच्या आधीच विरून जायचा आणि ऐकू यायचं, "ऊस थांबला तरी". बँडमधल्या कोणालाही हे कधी ऐकू आलं नव्हतं, कारण शब्द त्यांना पाठ होते. माणूस पाठ असलेला शब्द ऐकत नाही, आठवतो. ताईंनी ओळ अर्धा ठोका उशिरा सुरू करायला सांगितली, म्हणजे 'पा' समेवर येईल. आता 'पाऊस' स्वच्छ कळू लागला, पण अख्खी ओळ पुढे सरकल्यामुळे शेवटचा 'तरी' गिटारच्या रिफवर, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्यावर, जाऊन आदळायला लागला. मग रिफला अर्धा बार थांबवलं. गिटारवाला आधी नाखूश होता. नंतर त्याच्याच लक्षात आलं की 'तरी' नंतर ती छोटी पोकळी पडल्यामुळे रिफ जास्त जोरात लागतोय.

हे सगळं तालमीच्या खोलीत झालं. तिथे वेळेचं मीटर चालू नसतं. हेच स्टुडिओत करायला घेतलं असतं तर दोन शिफ्टा नुसत्या वादात गेल्या असत्या.

आता प्रत्यक्ष सेशन. वेळापत्रक कोण लावतं? प्रोड्यूसर. आणि पुण्यात ते लावताना काही इथल्याच गोष्टी बघाव्या लागतात. आमचं सेशन गणपतीच्या आधीच्या महिन्यात होतं. त्या दिवसांत संध्याकाळी नदीकाठी ढोल-ताशा पथकांचे सराव चालतात. स्टुडिओच्या भिंती माणसांचा आवाज, हॉर्न, ताशा सहज अडवतात, पण ढोलाचा खालचा घुमारा अडवणं फार अवघड. तो जमिनीतून, खांबांतून येतो आणि गाण्याच्या संवेदनशील माइकमध्ये हलका हलका बसतो. ऐकताना कळत नाही, पुढे आवाज दाबून वर उचलला की मागे धम धम ऐकू येतं. म्हणून ड्रम आणि गाणं सकाळी ते दुपारी, आणि संध्याकाळी ज्याला माइकच लागत नाही अशी कामं, म्हणजे बेस गिटार थेट वायरने घेणं किंवा टेक, म्हणजे एका दमात घेतलेल्या नोंदी, निवडणं, अशी वाटणी ताईंनी केली होती.

ड्रमचा पहिला दिवस. ड्रमरने नवी कातडी चढवली होती, आम्ही माइक लावून पातळ्या जमवत होतो. माझं लक्ष प्रत्येक माइकमध्ये काय येतंय याकडे. ताई मात्र बाहेर जाऊन ड्रमच्या समोर उभ्या राहिल्या आणि नुसत्या कानाने ऐकलं. परत येऊन ड्रमरला म्हणाल्या, "तुझा उजवा हात डाव्यावर दादागिरी करतोय."

त्यांचं म्हणणं असं. बरेच रॉक ड्रमर हाय-हॅट, म्हणजे डावीकडची जोडझांज, स्नेअरपेक्षा, म्हणजे पुढ्यातल्या कडक आवाजाच्या ड्रमपेक्षा, जोरात वाजवतात. स्टेजवर फरक पडत नाही. पण स्टुडिओत स्नेअरचा माइक हाय-हॅटपासून वीतभर अंतरावर असतो, त्यात तिचा चरचराट भरपूर शिरतो. पुढे मिक्सिंगमध्ये स्नेअरला थोडी धार आणायला उंच पट्टी वाढवली की त्याच माइकमधली हाय-हॅटही वाढते. स्नेअर हवा तसा करता येत नाही, कारण प्रत्येक वेळी झांज सोबत येते. हे सॉफ्टवेअरने थोडंफार निभावता येतं, नीट दुरुस्त होत नाही. ताईंनी हाय-हॅट दोन बोटं वर करायला लावली, पातळ झांजांची जोडी लावली आणि ड्रमरला सांगितलं की उजवा हात अर्ध्या जोराने आणि स्नेअर पूर्ण जोराने. त्याला सवय व्हायला तासभर गेला. माझ्या मते अख्ख्या अल्बममधला तो सर्वांत कारणी लागलेला तास. "पुढे मिक्समध्ये बघू" हे वाक्य स्टुडिओत दिवसातून दहा वेळा ऐकू येतं, आणि त्यातलं काय खरोखर मिक्समध्ये बघता येतं आणि काय नाही हे ओळखणं, हा प्रोड्यूसरच्या कामाचा गाभा आहे.

मग टेक. बाकीचे तिघे सोबत वाजवतात, पण ते फक्त ड्रमरला आधार म्हणून, त्याला गाइड म्हणतात. त्यांचं वाजवणं नंतर पुन्हा घेतलं जातं. ताईंच्या वहीत गाण्याचे भाग उभे आणि टेक आडवे, असा तक्ता असतो.

पहिल्या टेकमध्ये हात बांधलेले होते. दुसरा बरा, पण शेवटच्या कोरसमध्ये ड्रमर क्लिकच्या पुढे पळाला. तिसऱ्यात एका जागी वळण घेताना काठी कडेवर लागली, पण बाकी सगळं जिवंत. चौथा स्वच्छ होता, एकही चूक नाही. ड्रमर काचेपलीकडून अंगठा दाखवून हसत होता. मीसुद्धा चौथाच धरला असता.

ताई म्हणाल्या, "क्लिक बंद कर, गायकाचा गाइड चालू ठेव, आणि तिसरा नि चौथा लागोपाठ वाजव." फरक तेव्हा कळला. तिसऱ्या टेकमध्ये कडव्यातला स्नेअर ठोक्याच्या केसभर मागे पडत होता, त्यामुळे शब्दांना टेकायला जागा मिळत होती. कोरसला तोच स्नेअर नेमका ठोक्यावर येत होता. चौथ्यात सगळं एकसारखं ठोक्यावर होतं. ड्रमर चूक टाळण्यासाठी वाजवत होता, गाण्यासाठी नाही. तिसरा पाया म्हणून ठरला आणि काठी लागलेलं ते वळण दुसऱ्यातून घ्यायचं ठरलं.

इथे एक अडचण आली. जोड ऐकला तर वळण वेगळ्याच ड्रमचं वाटत होतं. जोराने वाजवताना स्नेअरचे ताणणारे स्क्रू हळूहळू सुटतात आणि कातड्याचा सूर उतरतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या टेकच्या मध्ये तो इतका उतरला होता की जोड उघडा पडत होता. मग तिसऱ्याची नोंद ऐकत स्नेअर त्याच सुराला लावला आणि फक्त ते वळण, आधीचे दोन बार धरून, पुन्हा वाजवून घेतलं. त्यानंतर दर टेकनंतर ताई एक स्नेअरचा ठोका वाजवायला लावत आणि मी तो पहिल्या नोंदीशी ताडून बघत असे. प्रत्येक वेळी अर्धं मिनिट जातं, पण जोड कुठेही घालता येतो.

टेक संपला की लगेच काय बोलायचं, हेही त्याच कामात येतं. काचेपलीकडच्या माणसाला आमचं बोलणं ऐकू येत नाही. त्याला फक्त दिसतं की दोघं जण मान हलवत आहेत. आम्ही पातळ्यांबद्दल बोलत असलो तरी त्याला वाटतं आपलं वाजवणं फसलं. म्हणून टेक संपताच ताईंचं बोट टॉकबॅकच्या, म्हणजे आतल्या माणसाशी बोलायच्या, बटणावर असतं. "ऐकतेय रे, दोन मिनिटं दे," एवढंच म्हणतात, पण म्हणतात. आणि सूचना देताना एका वेळी एकच देतात. पाच सूचना दिल्या की पुढच्या टेकमध्ये माणूस त्या पाच आठवत बसतो, वाजवत नाही.

पाचव्या टेकची मागणी ड्रमरने स्वतःहून केली. ताईंनी नाही म्हटलं. एव्हाना त्याच्या खांद्यातला जोर कमी झाला होता. किकच्या पातळीचा काटा चौथ्या टेकपासून खाली येत होता, तो मलाही दिसत होता. उरलेला दम दुपारच्या गाण्यासाठी हवा होता.

गिटारबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिथला मुख्य निर्णय एकच असतो. स्टेजवर एक गिटार जाड वाटावी म्हणून वादक अँपवर डिस्टॉर्शन भरपूर वाढवतो. स्टुडिओत तीच रिफ दोनदा वेगवेगळी वाजवून एक डावीकडे आणि एक उजवीकडे ठेवतात, जाडी तिथून येते. दोन्हीकडे स्टेजइतकं डिस्टॉर्शन ठेवलं तर छेडल्याचा आघातच ऐकू येत नाही, नुसती गरगर उरते. म्हणून ताईंनी अँपचा गेन जवळपास निम्म्यावर आणला. एकटी गिटार ऐकताना वादकाला ती केविलवाणी वाटली. दोन्ही एकत्र आणि ड्रमबरोबर वाजवून दाखवल्यावर त्याने वाद घातला नाही.

गाण्याच्या सोलोवर मात्र खरा वाद झाला. त्याला सोळा बार हवे होते, ताईंना आठ पुरेसे वाटत होते. त्यांनी अधिकार वापरला नाही. दोन्ही घेतले, आणि दोन दिवसांनी चौघांना सलग अख्खं गाणं दोन्ही प्रकारे ऐकवलं. सोलोबद्दल एक शब्द न काढता एवढंच विचारलं की शेवटचा कोरस कोणत्या वेळी जास्त लागला. चौघांपैकी तिघांनी आठ बारवालं सांगितलं, चौथा गिटारवाला, त्याने बारा सुचवले. अखेर बारावर तडजोड झाली, आणि ते बाराच चांगले आहेत असं आज मलाही वाटतं. प्रोड्यूसर नेहमीच बरोबर असतो असं नाही. पण निर्णय कशावरून घ्यायचा ते त्याने ठरवून द्यावं लागतं.

आता गायन. गाणं कोणत्या दिवशी, कोणत्या क्रमाने म्हणून घ्यायचं हा सुद्धा विचारपूर्वक करायचा भाग. बीटल्सचा पहिला अल्बम बराचसा 11 फेब्रुवारी 1963 या एका दिवसात रेकॉर्ड झाला. जॉन लेननला सर्दी होती, आणि 'ट्विस्ट अँड शाउट' हे घसा फाडणारं गाणं मार्टिन यांनी मुद्दाम सगळ्यात शेवटी ठेवलं, कारण त्यानंतर आवाज उरणार नव्हता. अल्बमवर आहे तो पहिलाच टेक. आमच्या गायकाची या गाण्यातली कडवी हळू, बोलल्यासारखी होती आणि कोरस पूर्ण ताकदीचा. ताईंनी एका सकाळी नुसती कडवी घेतली, गळा ताजा आणि मऊ असताना, आणि कोरस शेवटी ठेवले.

पहिल्या वेळी त्याचा आवाज चोरटा येत होता. माइक बदलूया का, मी विचारलं. ताई आत गेल्या, त्याचे हेडफोन स्वतः लावून ऐकले आणि बाहेर येऊन म्हणाल्या की त्याला स्वतःचा आवाज फार मोठा ऐकू येतोय. कानात आवाज मोठा असला की माणूस नकळत दबकून म्हणतो, आणि लहान असला की ओरडतो. त्याचा आवाज कमी केला, गिटार अजून कमी केली, बेस नि ड्रम ठेवले, आणि एका कानावरचा हेडफोन सरकवायला सांगितलं, म्हणजे खोलीतला स्वतःचा खरा आवाज ऐकू येईल. माइक तोच राहिला, आवाज मोकळा झाला. स्टुडिओत अशा वेळी माझ्यासारखा माणूस यंत्राकडे बघतो. प्रोड्यूसर माणसाच्या कानात काय चाललंय ते आधी बघतो.

कडव्यांचे पाच टेक झाले. मग तक्ता: ओळी उभ्या, टेक आडवे, प्रत्येक चौकोनात खूण. प्रत्येक ओळीचा सर्वांत चांगला तुकडा निवडून एक सलग गायन तयार करतात. हे सगळीकडेच करतात, त्यात लपवण्यासारखं काही नाही. कसोटी कोणती लावायची हा प्रश्न. दुसऱ्या कडव्यात ओळ होती, "दाराशी चपला तशाच ओल्या". चौथ्या टेकमध्ये सूर अगदी बरोबर. दुसऱ्या टेकमध्ये 'ओल्या'वर आवाज किंचित चिरला होता आणि सूर थोडा खाली. ताईंनी दुसरा निवडला. चौथ्यात तो ओळ वाचतोय, दुसऱ्यात त्याला त्या चपला दिसतायत, असं त्यांचं म्हणणं होतं. मी सूर दुरुस्त करायला निघालो, तर त्यांनी हात धरला. तो उतरलेला सूर सरळ केला की चिरणंही खोटं वाटायला लागतं. त्याच कडव्याच्या शेवटच्या शब्दाचा सूर मात्र त्यांनी स्वतःहून दुरुस्त करायला लावला, कारण तिथला उतार कशाचाच नव्हता, फक्त दम संपला होता.

तुकडे जोडताना दुसरा धोका श्वासाचा. एका टेकच्या ओळीनंतर दुसऱ्या टेकची ओळ जोडली की मधला श्वास कधी दोनदा येतो, कधी गायबच होतो. श्वास गायब झाला की ऐकणाऱ्याला कारण कळत नाही, पण गाणाऱ्याबरोबर त्याचाही दम कोंडतो. जोडलेलं गायन एकदा डोळे मिटून, कागद न बघता ऐकायचं, हा ताईंचा नियम यासाठीच.

एवढा हस्तक्षेप प्रत्येक बँडला लागतो का? नाही. स्टीव्ह अल्बिनी हे अमेरिकन ध्वनिमुद्रक आयुष्यभर याच्या विरुद्ध बोलत राहिले. बँडने आपलं गाणं कसं असावं ते ठरवावं, आपण ते प्रामाणिकपणे टिपावं, असं त्यांचं मत. स्वतःला प्रोड्यूसर म्हणवून घेणं त्यांना आवडत नसे, आणि 1993 मध्ये निर्वाणा या बँडचा 'इन युटेरो' हा अल्बम करताना त्यांनी विक्रीवरची रॉयल्टीही नाकारली, ठरलेले पैसे तेवढे घेतले. जो बँड दोनशे वेळा स्टेजवर वाजवून आलाय, ज्याला आपला आवाज नेमका माहीत आहे, त्याच्यासाठी ही पद्धत उत्तम. आमच्या नऊपैकी दोन गाण्यांना ताईंनी हातही लावला नाही. "हे झालंय," म्हणाल्या, आणि चौघांना एकत्र वाजवायला लावून दुसऱ्याच टेकला थांबवलं. कुठे हात घालायचा नाही हे ओळखणं त्याच कामाचा भाग आहे. आणि गाण्यात सांगण्यासारखंच काही नसेल, तर ते कोणत्याही प्रोड्यूसरला भरून काढता येत नाही. तो फक्त आहे ते ऐकू येईल असं करतो.

शेवटचं काम मिक्सिंगच्या माणसाकडे फायली पाठवायचं. मिक्सिंग दुसराच जण करणार होता, आणि त्याने यातला एकही दिवस पाहिलेला नव्हता. सगळे ट्रॅक गाण्याच्या पहिल्या क्षणापासून सुरू होतील असे कापले, 48 किलोहर्ट्झ आणि 24 बिटमध्ये काढले, 128 आणि 130 चा क्लिकचा नकाशा जोडला, आणि ताईंनी स्वतः बसून केलेलं कच्चं मिक्स सोबत ठेवलं, म्हणजे काय पुढे हवं आणि काय मागे ते त्याला कळेल. त्याबरोबर या गाण्यासाठी तीन ओळींची चिठ्ठी होती. कोरसमधला 'पा' झांजेखाली जाऊ देऊ नये. तिसऱ्या कोरसनंतर गिटार अर्धा बार थांबते, ती फायलीतली चूक नाही, तिथे काही भरू नये. आणि दुसऱ्या कडव्याच्या आधीचा श्वास कापू नये.